दिवसभर घरीच होतो, तरी "ग्राहक उपलब्ध नाही"

कुरियरने "डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारला आणि आपण तर सकाळपासून घरातच बसलो होतो, की आपण काय करतो? हेल्पलाइनला फोन लावतो. पलीकडची व्यक्ती माफी मागते, "उद्या कधी पाठवू?" विचारते, आपण "उद्या चालेल" म्हणतो आणि फोन ठेवतो. गेल्या महिन्यातल्या अनुभवानंतर माझं मत पक्कं झालंय की आपलं पार्सल बहुतेक वेळा याच फोनवर अडकतं. ही पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी औषधं, चष्मे, बँकेची कार्डं कुरियरने येतात त्यांनी पूर्ण वाचा.

आईचं कानाचं मशीन दुरुस्तीला बंगळुरूच्या सर्व्हिस सेंटरला गेलं होतं. ते नसलं की तिला दारावरची बेल ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही, ती दिवसभर गप्प बसून राहते. त्यामुळे पार्सल भांडुपसाठीच्या आमच्या हबवर पोचल्याचं दिसलं त्या दिवशी मी घरातून हललेच नाही. तसंही मी घरूनच काम करते, तेही दाराच्या शेजारच्या टेबलावर. सकाळी ट्रॅकिंगवर "आउट फॉर डिलिव्हरी" आलं. रात्री पावणेनऊला "ग्राहक उपलब्ध नाही". बेल वाजली नाही, फोन आला नाही.

चिडण्याआधी मी खाली जाऊन गेटवरचं रजिस्टर पाहिलं. हे सगळ्यांनी आधी करावं, कारण कधी कधी खरंच माणूस येऊन गेलेला असतो. वॉचमनने परत पाठवलेलं असतं, बी विंगऐवजी डी विंगला बेल मारलेली असते, किंवा फोन केलेला असतो पण आपल्या मोबाईलने तो स्पॅम म्हणून अडवलेला असतो. म्हणून रजिस्टर, शेजारी आणि मोबाईलमधली ब्लॉक झालेल्या कॉलची यादी, एवढं बघून घ्यायचं. आमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी तीन-चार कुरियरवाल्यांच्या नोंदी होत्या, वेळेसकट, फ्लॅट नंबरसकट. या कंपनीची एकही नव्हती. वॉचमनकाकांना विचारून मी त्या पानाचा फोटो काढला. इतरांचे मोबाईल नंबर कागदाने झाकून काढला, तेही महत्त्वाचं.

आता हा शेरा येतो कुठून ते सांगते. सकाळी हबवर रायडरच्या नावावर पार्सलं एकामागून एक स्कॅन होतात आणि सगळ्यांवर एकदमच "आउट फॉर डिलिव्हरी" चढतं. म्हणजे त्या शब्दांवरून पार्सल गाडीवर चढलंच असं सिद्ध होत नाही. संध्याकाळी रायडरला ॲपमध्ये प्रत्येक पार्सलचा हिशेब बंद करावा लागतो. एकतर दिलं, नाहीतर का दिलं नाही त्याचं कारण यादीतून निवडायचं: घर बंद, पत्ता अपुरा, ग्राहकाने नाकारलं, ग्राहक उपलब्ध नाही. "मला वेळ मिळाला नाही" हे कारण निवडलं तर ठपका हबवर येतो. "ग्राहकाने नाकारलं" निवडायला बऱ्याच कंपन्यांत ग्राहकाचा ओटीपी लागतो. उरतं "ग्राहक उपलब्ध नाही". त्याला कुणाची सही लागत नाही, कुणाचा ओटीपी लागत नाही, आणि दोष आपल्यावर येतो.

वेळ बघा म्हणजे अंदाज येतो. भर दुपारी शेरा आला असेल तर कुणीतरी रस्त्यावर असताना तो मारलाय, तेव्हा तो खराही असू शकतो. रात्री आठ-नऊच्या सुमारास, विशेषतः शेऱ्यापुढे हबचंच नाव दिसत असेल, तर दिवसाचा हिशेब बंद करताना तो मारला गेला असण्याची शक्यता जास्त. हा पुरावा नव्हे, पण आपण कुणाशी काय बोलायचं ते यावरून ठरवता येतं.

मी हेल्पलाइनला फोन केला. "उद्या पाठवू का?" "हो, पाठवा." दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकिंग उघडलं तर तिथे नवी ओळ: "ग्राहकाच्या विनंतीनुसार डिलिव्हरीची तारीख बदलली." मी कुठलीही विनंती केली नव्हती. आदल्या दिवशी कुणी आलंच नव्हतं, एवढंच माझं म्हणणं होतं. पण कंपनीच्या नोंदीत ग्राहक घरी नव्हता आणि मग ग्राहकानेच पुढची तारीख मागितली, असं सरळ चित्र तयार झालं होतं. त्या संध्याकाळी पुन्हा तोच शेरा.

इथे घाबरायचं कारण खरं आहे. बहुतेक कुरियर कंपन्या साधारण तीन प्रयत्न मोजतात आणि मग पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जातं. खोटा प्रयत्नही त्याच मोजणीत धरला जातो. आईचं मशीन बंगळुरूला परत गेलं असतं तर पुन्हा सगळी पायपीट.

मग मी हेल्पलाइनचा नाद सोडला आणि सर्व्हिस सेंटरला फोन लावला. तिथल्या डिस्पॅचच्या मुलाने मला जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. कुरियर कंपनीचा खरा ग्राहक तो, कारण बुकिंग त्याचं, पैसे त्याचे. पार्सल अडलं की त्याच्या पॅनेलवर एनडीआर नावाची नोंद उघडते, म्हणजे डिलिव्हरी न झाल्याचा अहवाल. त्यावर त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं असतं: पुन्हा पाठवा, पत्ता असा आहे, फोन हा आहे, किंवा परत आणा. उत्तरच दिलं नाही तर पार्सल परतीच्या रांगेत जाऊ शकतं. "मॅडम, तुम्ही तिकडे भांडत होतात, पण माझ्या पॅनेलवर तुमची बाजू कुठेच नव्हती," तो म्हणाला. त्याने लेबलवरचा मोबाईल नंबरही वाचून दाखवला, बरोबर होता.

मी त्याला लगेच ईमेल केला, आणि कुरियरच्या तक्रार विभागाला त्याची प्रत. मजकूर असा होता, हवा तर उचला:

"वेबिल क्रमांक अमुक. या दोन तारखांना ग्राहक उपलब्ध नसल्याचा शेरा चुकीचा आहे. मी दोन्ही दिवस घरी होते. माझ्या मोबाईलवर एकही कॉल नाही, सोसायटीच्या गेट रजिस्टरमध्ये नोंद नाही, पानांचे फोटो जोडले आहेत. मी तारीख बदलून मागितलेली नाही. रायडरने केलेल्या कॉलची नोंद आणि शेरा मारतानाचं लोकेशन तपासून कळवा. हे दोन्ही प्रयत्न मोजणीतून वगळा, पार्सल परत पाठवू नका, आणि पुढच्या प्रयत्नाची नोंद माझ्याशी फोनवर बोलणं झाल्याशिवाय बंद करू नका."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी पडलं. नुसतं "पुन्हा पाठवा" म्हटलं की पार्सल पुन्हा त्याच यादीत, त्याच रायडरच्या त्याच ढिगात जातं. "बोलणं झाल्याशिवाय नोंद बंद करू नका" म्हटलं की हबवरच्या माणसाला काहीतरी प्रत्यक्ष करावं लागतं. पाठवणाऱ्याने हेच शब्द एनडीआरच्या उत्तरात टाकले.

आणि मी हबवर गेले. कांजूरमार्गला इंडस्ट्रियल इस्टेटमधला एक गाळा, सकाळी रायडर निघायच्या आधी. जमिनीवर पोत्यांचे ढीग, भिंतीला लोखंडी रॅक, रॅकवर खडूने एरियाची नावं. इनचार्जला वेबिल नंबर आणि आधार दाखवलं. त्याने पार्सल शोधलं तेव्हा ते आमच्या रॅकवर नव्हतंच, खाली टेकडीच्या भागाच्या पोत्यात होतं. त्या भागाचा मुलगा आमच्या रस्त्याला येतच नव्हता. त्याच्या नावावर ते रोज सकाळी स्कॅन होत होतं आणि रोज रात्री त्याच्या ॲपमध्ये बंद होत होतं. तो मुलगा तिथेच उभा होता. "ताई, सत्तर-ऐंशी पार्सलं असतात. पार्सलमागे पैसे मिळतात. बाहेरच्या एरियाचं एक घेऊन गेलो तर बाकीची राहतात," तो म्हणाला. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. चुकीच्या पोत्यात ते त्याने टाकलं नव्हतं, आणि ते परत करायला ॲपमध्ये त्याच्याकडे सोयीचं बटणही नव्हतं. पण शेरा खोटा होता, हे मी इनचार्जला स्पष्ट सांगितलं.

हबवरून हातात पार्सल मिळतंच असं नाही. काही कंपन्या देतात, काही ठिकाणी नियमच नाही. मला त्यांनी हातात दिलं नाही, पण समोर रॅक बदलला, आमच्या रस्त्याच्या रायडरच्या नावावर स्कॅन केलं आणि त्याच्याशी बोलणं करून दिलं. दुपारी एकच्या आत तो दारात होता. हबवर जाणं सगळ्यांना जमणार नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी पाठवणाऱ्याकडून हबला फोन करायला लावा, त्याच्या अकाउंट मॅनेजरचा फोन हबवर उचलला जातो.

या धावपळीत दोन गोष्टी जपा. रायडर दारात नसताना फोनवर ओटीपी मागत असेल तर देऊ नका, कारण डिलिव्हरीचा ओटीपी गेला की पार्सल "दिलं" म्हणून बंद होतं आणि मग आपलं म्हणणं सिद्ध करणं फार अवघड होतं. दुसरं, "पुन्हा डिलिव्हरीसाठी पाच रुपये भरा" अशी लिंक आली तर ती उघडू नका, आणि कुरियरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचाच घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन.

ऑनलाइन खरेदी असेल तर तुमची बाजू माझ्यापेक्षा भक्कम आहे. तिथे कुरियरशी वाद घालायची गरजच नाही, जिथून घेतलं त्या प्लॅटफॉर्मला धरा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. चॅटवरच्या गप्पा यात धरून चालू नका, त्या अधिकाऱ्याला लेखी पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.

मशीन मिळाल्यावरही मी माझी तक्रार मागे घेतली नाही. "पार्सल मिळालं, आता बंद करू का?" असा फोन आला होता. मी म्हटलं, आधी ते दोन शेरे दुरुस्त झाल्याचं लेखी द्या. चार दिवसांनी ईमेल आला: रूट चुकीचा लागला होता, ग्राहकाच्या बाजूने त्रुटी नव्हती. माझी कंपन्यांकडे मागणी एवढीच आहे की "ग्राहक उपलब्ध नाही" हा शेरा कॉलच्या नोंदीशिवाय आणि इमारतीपाशी असल्याच्या लोकेशनशिवाय ॲपने स्वीकारूच नये, आणि रायडरच्या यादीत "चुकीच्या एरियाचं पार्सल" हे कारण त्याला दंड न लावता निवडता यावं.

तुमच्याकडे असा खोटा शेरा असेल तर वेबिल नंबर झाकून स्क्रीनशॉट खाली टाका, हबचं नाव आणि वेळ दिसू द्या. भांडुप-कांजूरचे असाल तर मला मेसेज करा, हबला कधी जायचं आणि कुणाला भेटायचं ते सांगते.