माल शेडमध्ये, नफा कागदावर

«विक्री तेवढीच असून नफा वाढला, म्हणजे कारखान्याचा खर्च आटोक्यात आला.»

हे पटलं नाही. कुपवाड एमआयडीसीत एका कास्टिंगवाल्याचे हिशेब मी बघतो. सोयीसाठी गोल आकडे घेतो. नग विकतो ९०० ला, बदलता खर्च ५००, आणि भाडं, सुपरवायझरचा पगार वगैरे कारखान्याचा स्थिर खर्च महिना ६ लाख. २००० नग केले, २००० विकले, तर नफा २ लाख. पुढच्या महिन्यात विक्री तीच, पण नग केले ३०००. अ‍ॅब्सॉर्प्शन पद्धतीत, म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च केलेल्या सगळ्या नगांवर वाटला की, नगामागे स्थिर खर्च ३०० वरून २०० वर आला आणि नफा दिसला ४ लाख! खर्च एक रुपयानेही कमी झाला नव्हता. शेडमध्ये पडून राहिलेल्या १००० नगांनी प्रत्येकी २०० रुपये पोटात घेतले, एवढंच. व्हेरिएबल पद्धतीत ६ लाख त्याच महिन्यात खर्ची पडतात, म्हणून तिथे २ लाखच.

तिसऱ्या महिन्यात १००० च नग केले आणि जुना साठा धरून २००० विकले, तेव्हा अ‍ॅब्सॉर्प्शनचा नफा शून्यावर आला. मालक घाबरले, व्हेरिएबलमध्ये मात्र पुन्हा २ लाखच होते. ताळेबंदासाठी एएस २ या साठ्याच्या मूल्यांकनाच्या लेखा मानकाप्रमाणे साठ्यात कारखान्याचा स्थिर खर्च धरावाच लागतो, त्याला इलाज नाही. पण मालकांना मी दर महिन्याला व्हेरिएबल पद्धतीचा दुसरा कागदही देतो, आणि सुरुवातीच्या व अखेरच्या साठ्यात किती स्थिर खर्च बसलाय ते त्यावर वेगळं लिहितो. दोन्ही नफ्यांतला फरक या दोन आकड्यांतल्या फरकाएवढाच निघतो.