अर्धी नोकरी, अर्धा पगार आणि अर्ध्याहून कमी रजा

आज दुपारी रजेचा वार्षिक हिशोब मेलवर आला. माझ्या नावापुढे १२ दिवस, ताईच्या नावापुढे १२ दिवस, आणि खाली एक ओळ: दोघींना समान वाटप. ती ओळ वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. लांब लिहिणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आणि ताई (सख्खी नाही, पण सख्खीपेक्षा कमीही नाही) मिळून एकच नोकरी करतो. लेखा विभागात पुरवठादारांची बिलं तपासायची एक जागा. जागा एक, पगार एक, रजेचा कोटा एक, माणसं दोन. सोमवार, मंगळवार आणि बुधवारी एक वाजेपर्यंत मी. बुधवारी एकपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत ताई. पूर्णवेळ माणसाला २४ दिवस रजा, म्हणून आम्हाला बारा-बारा. इतकं सरळ.

इतकं सरळ असतं तर ताईचा एक शुक्रवार बिनपगारी गेला नसता.

ताईच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. गुरुवारी ऑपरेशन, शुक्रवारी त्यांच्याजवळ थांबायचं, म्हणजे तिला दोन दिवस हवे होते. खात्यात शिल्लक एक. गुरुवार मंजूर झाला, शुक्रवारचा पगार कापला गेला. आणि त्या शुक्रवारी तिच्या खुर्चीवर कोण होतं? मी. बिलं अडू नयेत म्हणून मला बोलावलं आणि ‘बदली सुट्टी नंतर घ्या’ असं तोंडी सांगितलं. ती सुट्टी अजून मिळालेली नाही. म्हणजे खुर्ची भरलेली होती, काम झालं होतं, आणि तरी त्या जागेचा एक दिवसाचा पगार वाचला. हे आठवलं की आजही माझा हात थरथरतो.

आता ‘समान वाटप’ म्हणजे काय ते बघा. यंदा कामाच्या दिवसांवर दहा सार्वजनिक सुट्ट्या आल्या. त्यातल्या सहा सोमवार-मंगळवारी, एक बुधवारी आणि तीन गुरुवार-शुक्रवारी. आठ तासांचा दिवस धरा. मला घरबसल्या ५२ तास पगारी सुट्टी मिळाली, ताईला २८. एकूण ८० तासांत निम्मा वाटा ४० चा. म्हणजे बारा तास माझ्याकडे जास्त आले आणि तिच्याकडे तेवढेच कमी. दीड दिवस! यात माझं कर्तृत्व काय? काही नाही. माझ्या वाट्याला सोमवार आला एवढंच. आठवड्याची सुरुवात मला सोयीची होती म्हणून मीच ती मागून घेतली होती, आणि ताई ‘घे गं, मला काय’ म्हणाली होती.

दुसरी गोष्ट बुधवारची. आम्ही दोघी बुधवारी अर्धाच दिवस काम करतो, पण आठवडाभर रजा घेतली की संगणक तीन दिवस कापतो, कारण त्या माणसाची हजेरी तीन तारखांना लागते. काम अडीच दिवसांचं, रजा तीन दिवसांची! पूर्णवेळ माणसाच्या २४ दिवसांत जवळपास पाच आठवडे निघतात, आमच्या बारा दिवसांत बरोब्बर चार. ताईने त्या ऑपरेशनआधी तीन अख्खे आठवडे आणि दोन सुटे दिवस रजा घेतली होती. संगणकाच्या हिशोबाने अकरा दिवस संपले, खऱ्या हिशोबाने साडेनऊ. खात्यात अडीच दिवस असायला हवे होते, सुट्ट्यांचे दीड धरले तर चार. तिला हवे होते दोन.

दोन. आणि ती बाई शुक्रवारी दवाखान्याच्या बाकावर बसून मला फोन करून विचारत होती, ‘अगं, त्या अडकलेल्या बिलाचं काय झालं?’

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. रजा दिवसांत मोजायचीच नाही, तासांत मोजायची. २४ दिवस रजेचे १९२ तास, दहा सुट्ट्यांचे ८०, मिळून २७२. प्रत्येकीला १३६. मग सुट्टी जिच्या कामाच्या वेळेत येईल तिच्या खात्यातून तेवढे तास वजा करायचे. यंदा माझे ५२ गेले की ८४ उरतात, ताईचे २८ गेले की १०८. बुधवारी रजा घेतली तर चारच तास जातील. कुणावर उपकार नाही, कुणाचं नुकसान नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अर्धवेळ कामाबद्दलचा करार केला तो १९९४ साली. अर्धवेळ माणसाला पगारी रजा आणि सार्वजनिक सुट्ट्या पूर्णवेळ माणसाच्या तोडीच्या मिळाव्यात, पैशांचा भाग कामाच्या प्रमाणात, हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाहीये.

हो, तासांत मोजायचं तर पेरोलवाल्यांचं काम वाढतं, मान्य. आणि हो, सुट्ट्यांचे वार दरवर्षी बदलतात, पुढच्या वर्षी कदाचित ताईचं पारडं जड होईल. पण मग तिने वडिलांना सांगायचं का, ऑपरेशन पुढच्या वर्षी करू?

रागाच्या भरात एक राहिलंच. बुधवारी एक वाजता माझी वेळ संपते आणि त्याच मिनिटाला ताईची सुरू होते. कुठलं बिल कुणाच्या सहीसाठी अडलंय, कुणाला काय कबूल केलंय, हे सांगायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कुणाच्याच कामाच्या वेळेत धरलेला नाही. मी दर बुधवारी दीडला निघते, म्हणजे वर्षाचे जवळपास तीन दिवस फुकट. हा अर्धा तास मी आनंदाने दिलाय, खोटं कशाला बोलू. आमची एक वही आहे. त्यात बिलांखाली ताई कधी लिहिते, ‘दमलेली दिसलीस, लवकर झोप.’ अशी माणसं मिळायला भाग्य लागतं. माझी मुलं लहान असताना ही अर्धी नोकरी नसती तर मी घरीच बसले असते, हेही खरं. म्हणूनच तर इतकं लागतं. ही व्यवस्था वाईट नाहीये हो, ती मोजणाऱ्यांनी आमच्या दोघींचा मिळून एक माणूस धरलाय, आणि तो एक माणूस त्यांना पूर्णवेळ हवाय.

आणि मी तरी काय केलं? त्या शुक्रवारी तिच्या खुर्चीवर बसले, गप्प बसले. सोमवारच्या सुट्ट्या आल्या तशा घेतल्या. हिशोब आज, कागदावर समोर आल्यावर केला. ताईने तोही केला नसता. तिला मागायची सवयच नाही.

संध्याकाळी मी अर्ज लिहिला. माझ्या खात्यातले बारा तास ताईच्या खात्यात वळते करा, तीन आठवड्यांतले जास्तीचे दीड दिवस तिला परत द्या, आणि तो शुक्रवार पगारी धरून कापलेली रक्कम पुढच्या पगारात द्या. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, ‘एकीची रजा दुसरीला द्यायची तरतूद नाही.’ तिच्या जागी मला बसवायची तरतूद होती का? ती कुठे लिहिली होती?

उद्या बुधवार. एक वाजता ताई येईल. अर्जाची प्रत वहीत ठेवली आहे, अडकलेल्या बिलांच्या यादीच्या वर. सहीसाठी दोन जागा सोडल्या आहेत, एकीवर माझी झाली आहे.