घरच्या पट्टीत शिरलेली गोटी मेली, त्याबद्दल

★ "रविवारी एका फोनवर चौघं खेळत होतो, आई, काकू, मी आणि भाऊ. माझी पिवळी गोटी पिवळ्या पट्टीत शिरलेली, तिथे कोणी मारू शकत नाही हे लहान पोराला पण माहितीय, तरी भावाच्या लाल गोटीने बाजूच्या रांगेतून मारली. आईला पहिल्या दहा दानांत एकदा पण सहा नाही, फासा फिक्स आहे. काकूने आईची गोटी मारली, मग तिसरा सहा पडला आणि मेलेली गोटी परत जिवंत!! मधेच पाळी गायब होते ते वेगळंच. अनइन्स्टॉल."

नमस्कार ताई, हे लुडोचं ॲप मी आणि माझा मित्र दोघंच बनवतो, त्यामुळे शिव्या पण आम्हा दोघांनाच लागतात आणि यातली पहिली शिवी आमच्या हक्काची आहे. पिवळी गोटी मरायला नको होती, चूक माझी. तुम्ही डावाची नोंद पाठवलीत म्हणून सापडली, नाहीतर मी पण "तुम्हाला दिसायला चुकलं असेल" असंच म्हटलं असतं कदाचित.

काय झालं ते सांगतो. पटावर बाहेरून फिरणारी ५२ घरं असतात. लाल गोटी ० नंबरच्या घरातून निघते, हिरवी १३, पिवळी २६, निळी ३९. पण ॲप प्रत्येक गोटीचं घर लक्षात ठेवत नाही, ती आपल्या सुरुवातीपासून किती पावलं चालली एवढंच ठेवतं. ० ते ५० पावलं बाहेरच्या रस्त्यावर, ५१ ते ५५ आपल्या रंगाच्या पट्टीत आणि ५६ ला घरात. हे सोयीचं पडतं कारण घर कधी आलं, पट्टीत कधी वळायचं, हे चारही रंगांना एकाच आकड्याने कळतं. फक्त मारामारीच्या वेळी पावलं उपयोगाची नाहीत. लाल २० पावलांवर आणि हिरवी ७ पावलांवर असेल तर आकडे वेगळे आहेत पण घर एकच, २० नंबरचं. म्हणून तेव्हा सुरुवातीचं घर अधिक पावलं करून ५२ किंवा त्याच्या वर गेलं तर ५२ वजा करायचे आणि घरं जुळतात का बघायचं.

आता तुमची नोंद. पिवळी ५३ पावलांवर होती, म्हणजे पट्टीतलं तिसरं घर. भावाची लाल २३ वर, चार पडले, २७ वर गेली. आता पिवळीचं गणित कोणी पट्टीत असून सुद्धा केलं तर २६ अधिक ५३ म्हणजे ७९, वजा ५२, उरले २७. जुळलं, मारली. पट्टीतल्या गोटीला बाहेरचं घरच नसतं, हा हिशोब तिच्यासाठी करायलाच नको, आणि तशी एक ओळ आमच्याकडे होती, मागच्या अपडेटला कोड आटोपशीर करायच्या नादात मीच उडवली. आता परत घातलीय, पहिली ओळ तीच:

```
if (a.steps > 50 || b.steps > 50) return false;
return (start[a.color] + a.steps) % 52
    === (start[b.color] + b.steps) % 52;
```

तुम्हाला "बाजूच्या रांगेतून मारली" असं दिसलं ते पण बरोबरच आहे, कारण ते २७ नंबरचं घर पट्टीच्या शेजारच्या रांगेत, तुमच्या गोटीला तिरकं लागूनच आहे. म्हणून आधी दोघांनी फोन करून हेच सांगितलेलं की गोटीला बाजूने धक्का लागतो, आणि मी दोन दिवस गोट्यांचं ॲनिमेशन तपासत बसलो. पट्टीतलं दुसरं घर वाचायचं बरं का, कारण त्याचं खोटं घर २६ येतं आणि ते सुरक्षित घर आहे, तिथे कोणी मरतच नाही. पोचलेल्या गोट्या आम्ही यादीतूनच काढून टाकतो म्हणून त्याही वाचल्या. राहिली चार घरं, आणि त्यातही समोरच्याची गोटी नेमकी त्या एकाच घरात यायला हवी, त्यामुळे आम्ही स्वतः इतके डाव खेळून पण आमच्यासमोर ती कधी मेली नाही.

आता फासा. ताई, फासा फिक्स नाहीये, आणि मला माहितीय हे प्रत्येक लुडोवाला म्हणतो, म्हणून आकडेच मांडतो. एका दानात सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा दानं सहा न पडण्याची शंभरात सोळा. म्हणजे एकटी आई सहा डाव खेळली तर त्यातल्या एका डावात असं होणारच म्हणा. पण तुम्ही चौघं आहात! चौघांपैकी कोणीतरी एक पहिल्या दहा दानांत कोरडा राहण्याची शक्यता शंभरात पन्नासच्या वर जाते. निम्म्या डावांमधे एक माणूस बाकीच्यांकडे बघत बसतो आणि त्याला वाटतं माझ्याच वाट्याला का, आणि लाकडी फासा असता तर तो नशिबाला बोलला असता, फोन असला की आम्हाला बोलतो.

खरं सांगायचं तर फार पूर्वी सहा आमच्याकडे खरोखर किंचित कमी पडायचा. फोनकडून ० ते २५५ मधला एक आकडा घ्यायचो आणि सहाने भागून बाकी बघायचो. पण २५६ ला सहाने पूर्ण भाग जात नाही, चार उरतात, त्यामुळे एक ते चार या दानांना ४३ संधी मिळायच्या आणि पाच, सहाला ४२. हजार दानांत १६७ च्या ऐवजी १६४ सहा. खेळताना कोणाच्या लक्षात येणं शक्य नाही पण कळल्यावर मला झोप लागेना, आता २५२ किंवा त्याच्या वरचा आकडा आला तर तो टाकून देतो आणि नवा घेतो.

काही जण सांगतात की अमुक दानं कोरडी गेली की गुपचूप एक सहा देऊन टाका. ते आम्ही करणार नाही. कारण एकदा फाशाला माणूस ओळखता आला की तुमचं "फिक्स आहे" खरंच होईल. त्यापेक्षा नियम बदलावा आणि तो सगळ्यांच्या समोर बदलावा. बऱ्याच घरांत एक पडला तरी गोटी बाहेर काढतात, ते सेटिंगमधे आहे, "एक किंवा सहावर बाहेर". ते चालू केलं की चौघांत कोणीतरी दहा दानं कोरडा राहण्याची शक्यता पन्नासवरून सातच्या आत येते. आईंसाठी एवढं करून बघा.

तिसरा सहा. इथे मात्र कोड बरोबर होता आणि आमचं डोकं चुकलं. काकूंना पहिला सहा पडला, गोटी बाहेर आली. दुसरा सहा, तीच गोटी सहा घरं चालून १९ वर गेली, तिथे आईची निळी होती, मेली. तिसरा सहा, आणि नियम असा की सलग तीन सहा म्हणजे तिन्ही बाद. म्हणून ॲप पाळी सुरू होताना पटाची एक प्रत ठेवतं आणि तिसऱ्या सहाला ती प्रत परत मांडतं. हिशोबाने चोख. पण चार माणसांनी गोटी मरताना डोळ्यांनी बघितलीय, कोणीतरी टाळी पण दिली असेल, त्यानंतर ती उठून उभी राहिली तर भांडण नाही होणार तर काय! लाकडी पटावर हा घोळ होत नाही कारण तिन्ही बाद मानणारी माणसं आधी दानं टाकून घेतात, सहा, सहा, चार असं मोजतात, आणि मग गोट्या चालवतात. आम्ही नियम एका घरचा घेतला आणि चालवायची पद्धत दुसऱ्या घरची.

आता दोन वेगळे पर्याय केलेत. साध्या खेळात गोटी लगेच चालते आणि तिसरा सहा पडला तर फक्त तोच वाया, आधीचं झालेलं तसंच राहतं, मेलेली मेलेलीच. "तिन्ही बाद" निवडलंत तर दानं तुमच्या कोपऱ्यात ओळीने साठतात आणि फासा थांबल्याशिवाय एकही गोटी हलत नाही, त्यामुळे परत घ्यायला काही नसतंच. हे क्वचितच होतं असं समजू नका. एका खेळाडूला चार गोट्यांची मिळून २२४ पावलं चालायची असतात, दान सरासरी साडेतीनचं, म्हणजे काहीही वाया न जाता ६४ दानं. चौघांची मिळून दोनशेच्या वरच. आणि सलग तीन सहा पडण्याची शक्यता २१६ पाळ्यांत एक. म्हणजे जवळपास दर डावाला एकदा हा प्रसंग येतोच. अजून एक, सहा पडून त्याच दानात गोटी मारली तर जादाचं दान एकच मिळतं, दोन नाही. काही घरांत दोन देतात, त्यावरून आम्हा दोघांत पण वाद आहे, सध्या मित्र जिंकलाय.

पाळी गायब होण्याची दोन कारणं दिसली तुमच्या नोंदीत. एकदा तुमची एकच गोटी पटावर होती, घराला तीन कमी, आणि पाच पडले. नेमकं दान लागतं, चालायला काही नाही, म्हणून पाळी पुढे गेली, पण इतक्या झटकन गेली की पाच पडलेले कोणी बघितलेच नाहीत. आता फासा एक सेकंद तसाच थांबतो आणि खाली "चाल नाही" येतं. दुसरं कारण म्हणजे बोट. फोन मधे सपाट ठेवलेला, फासा हलला नाही असं वाटून माणूस दोनदा दाबतो, आणि जुन्या व्हर्जनमधे फासा पटाच्या मधोमध असल्यामुळे दुसरा टॅप पुढच्या माणसाचं दान टाकून मोकळा व्हायचा. भाऊ टाकतो आणि काकूंचं दान जातं. आता फासा ज्याची पाळी त्याच्या कोपऱ्यात, त्याच्याकडे तोंड करून जातो, आणि गोटी चालत असताना कुठेही दाबलं तरी काही होत नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलणार नाही. तुमच्या नोंदीत दिसतंय की निळ्याला एक पडल्यावर ॲप बंद करून परत उघडलंय, तीन वेळा, आणि तिन्ही वेळा एकच आला. दान पडल्या क्षणी आम्ही ते फोनमधे लिहून ठेवतो, गोटी हलायच्या आधी, ते ह्याचसाठी. आईंना रागावू नका, फोन आला असेल मधे.

अपडेट काल रात्री टाकलंय. रविवारचा तो अर्धा डाव अजून सेव्ह आहे, त्यातली पिवळी मला परत पट्टीत ठेवता येत नाही, तेवढं भावाशी बोलून घ्या.