‘साठ’चं ‘आठ’ झाल्यावर संदर्भ काय कामाचा?

“मीटिंगचं रेकॉर्डिंग ऑटोमॅटिक टाइप करून घ्या आणि ते ट्रान्सक्रिप्ट जसंच्या तसं एआयला देऊन सारांश मागा. चुकीची ऐकलेली नावं ते संदर्भावरून स्वतःच सुधारतं. काही राहिलंच तर सारांशात दुरुस्त करा. अख्खं ट्रान्सक्रिप्ट तपासायला रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. आताची मॉडेल्स इतकी भारी आहेत की चुका होतच नाहीत. सारांश झाला की रेकॉर्डिंग डिलीट करा, फोन मोकळा होतो.”

हा मेसेज कधीपासून फिरतोय, मी दुर्लक्ष करत होतो. पण माझ्या आत्येभावाने तो वाचून तंतोतंत तसंच केलं आणि द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर एका चर्चासत्राचा सारांश टाकून दिला, लोकांनी हात जोडून आभारही मानले, आणि त्यात औषध फवारणीचा एक आकडा असा चुकला होता की वाचून मला घामच फुटला. तेव्हा आता एकेक मुद्दा घेऊच.

संदर्भावरून सुधारतं, हे अर्धं खरं आहे. ट्रान्सक्रिप्टमध्ये ‘थाम सन सीड लेस’ आलं तर एआय त्याचं ‘थॉमसन सीडलेस’ करतं, ‘माणिक चमण’चं ‘माणिक चमन’ करतं, मान्य. जे शब्द उघडउघड मोडकेतोडके दिसतात आणि ज्यांचं खरं रूप एकच असू शकतं, तिथे हे जमतं. पण मशीन नेहमी मोडका शब्द लिहीत नाही ना. ते बऱ्याचदा चुकीचा पण अगदी धडधाकट शब्द लिहितं, आणि मग सुधारायचं काय हेच कुणाला कळत नाही.

या चर्चासत्रात तज्ज्ञ हॉलमध्ये नव्हते, फोनवरून बोलत होते आणि फोन माईकजवळ धरलेला. एका बुरशीनाशकाबद्दल ते म्हणाले, “याचा पीएचआय साठ दिवस धरा.” पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किमान किती दिवस ठेवायचे तो कालावधी. ट्रान्सक्रिप्टमध्ये आलं, “याचा पी एच आय आठ दिवस धरा.” आणि सारांशात एकदम स्वच्छ वाक्य: काढणीच्या ८ दिवस आधीपर्यंत फवारणी चालेल.

हे का झालं ते समजून घ्या. साध्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोचतो आणि ‘स’चा जो सळसळता आवाज असतो त्याचा बराचसा जोर त्याच्या वरच असतो. म्हणजे फोनवर ‘साठ’मधला ‘स’ आधीच झिजलेला, त्यात स्पीकर, पंखा, मागे कुणीतरी खोकतंय, उरला ‘आठ’. आता इथे संदर्भ काय मदत करणार? कमी दिवसांचा पीएचआय असलेली औषधं असतात, जास्त दिवसांची पण असतात, त्यामुळे वाक्य दोन्ही आकड्यांनी बरोबरच वाटतं. एआयला शंका यायला कारणच नाही.

खरी मेख पुढे आहे. त्याच भाषणात वीसेक मिनिटांनी तज्ज्ञांनी त्याच औषधाबद्दल “काढणीच्या दोन महिने आधीच बंद करा” असं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे चूक पकडायचा पुरावा ट्रान्सक्रिप्टमध्येच होता! मग कुणाला दिसला का नाही? कारण औषधाचं नाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या तऱ्हेने ऐकलं गेलं होतं. नावाच्या शेवटी ‘कोनॅझोल’ होतं, त्याचं एकदा ‘कोना झोल’ झालं आणि दुसऱ्यांदा चक्क ‘कोणाजवळ’. (पूर्ण नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कुणी इथे वाचून फवारायला नको.) हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल असं हे मोठं कुटुंब आहे, सगळ्यांची शेपूट तीच. एआयने एका जागी यातलं एक नाव बसवलं, दुसऱ्या जागी दुसरं, आणि सारांशात दोन वेगळी औषधं तयार झाली, एकाला ८ दिवस आणि दुसऱ्याला दोन महिने. दोन्ही ठिकाणी नाव एकच केलं असतं तर आठ दिवस आणि दोन महिने समोरासमोर आले असते आणि कुणीही विचारलं असतं की अहो, नक्की किती?

हे किरकोळ नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती आणि इथल्या निर्यातदार शेतकऱ्यांना त्याचा जबर फटका बसला. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आठ आणि साठमधला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता ‘सारांशात दुरुस्त करा’ हा सल्ला. या क्लोरमेक्वाटलाच आपल्याकडे सगळे सीसीसी म्हणतात. तज्ज्ञ म्हणाले, “निर्यातीच्या बागेत सीसीसी अजिबात नको.” ट्रान्सक्रिप्टमध्ये एक ‘सी’ गळला आणि झालं ‘सीसी अजिबात नको’. सीसी म्हणजे तर माप, मिलिलिटर! वाक्याला अर्थच उरला नाही, मग सारांश करताना ते वाक्य गाळलं गेलं. अख्खी ताकीद गायब. आता मला सांगा, सारांशात जे नाहीच ते सारांश वाचून दुरुस्त कसं करणार? चुकलेलं नाव दिसतं तरी, गळलेलं वाक्य दिसत नाही. वक्त्यांच्या नावांचंही तेच, एकाच माणसाचं आडनाव तीन प्रकारे टाइप झालं की सारांशात तीन माणसं बोलतात. म्हणून दुरुस्ती आधी आणि सारांश नंतर, हा क्रम उलटा करून चालत नाही.

वेळेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण अख्खं ट्रान्सक्रिप्ट तपासा असं कुणी म्हणतच नाहीये. ‘आणि’, ‘म्हणजे’, ‘मग काय’ यात चुका असल्या तर असू देत. तपासायची फक्त नावं, औषधं आणि आकडे.

सुरुवात रेकॉर्डिंगच्या आधीच होते. आमंत्रणपत्रिकेवरून वक्त्यांची नावं घ्या, स्लाइड मिळाल्या तर त्यातले शब्द घ्या, आणि औषधांसाठी पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची ‘अनेक्शर ५’ नावाची यादी घ्या, त्यात द्राक्षावर शिफारस असलेली औषधं आणि त्यांचे पीएचआय असतात, नवीन आवृत्ती निघते तेव्हा तीच वापरा. व्हिस्परसारखं बोलणं टाइप करणारं साधन वापरत असाल तर त्यात `initial_prompt` म्हणून हे शब्द आधी देता येतात, पण तिथे जास्तीत जास्त २२४ टोकन, म्हणजे मॉडेल मजकुराचे करतं ते छोटे तुकडे, बसतात, त्यापुढची यादी दिली तर सुरुवातीची नावं कापली जातात, आणि देवनागरीला टोकन जास्त लागतात. म्हणून सगळी यादी ओतू नका, ज्यावर खरंच बोलणं होणार आहे तेवढीच मोजकी नावं द्या. शिवाय या यादीचा जोर सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटावर जास्त असतो, पुढे तो ओसरतो, त्यामुळे नंतरची तपासणी टळत नाही.

नंतर ट्रान्सक्रिप्टमधल्या सगळ्या शब्दांची यादी काढा, कोणता किती वेळा आला त्यासकट, आणि एकदोनदाच आलेल्या शब्दांवरून नजर फिरवा. द्राक्षाच्या भाषणात ‘कोणाजवळ’ दिसलं की लगेच खटकतं. ज्या वेळेला तो शब्द आलाय तिथले दहा सेकंद ऐका, बस. आकड्यांसाठी ‘दिवस’, ‘पीपीएम’, ‘ग्रॅम’, ‘एमएल’ हे शब्द शोधा आणि त्यांच्या आधीचा आकडा प्रत्येक वेळी कानाने ऐका. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पावणेदोन’ असेल तर दोनदा ऐका. औषधाचं नाव पक्कं झालं की त्याची सगळी वाक्यं एकाखाली एक काढा, विसंगती असेल तर तिथेच वर येते.

बदल करताना आंधळेपणाने फाइंड-रिप्लेस मारू नका. प्रोग्रामिंग येणारी मंडळी शब्दाची सीमा ओळखणाऱ्या पायथॉनच्या `\b`वर विसंबून राहतात, इंग्रजीत ते चालतं, मराठीत दगा देतं, कारण पायथॉनचं `re` काना-मात्रेला शब्दाचा भाग समजत नाही. केवडा रोगाचं काही ठिकाणी ‘केवड’ झालं होतं, ते सुधारायला गेलं की हे होतं:

```
re.sub(r'\bकेवड\b', 'केवडा', 'केवडा')
# 'केवडाा'
```

बरोबर असलेलाच शब्द बिघडला. आणि मराठीत ‘केवड्याचा’, ‘केवड्यावर’ अशी रूपं येतात ती वेगळीच. त्यामुळे प्रत्येक बदल डोळ्यांनी बघून करा, मूळ फाइल तशीच बाजूला ठेवा. एआयची मदत घ्यायचीच तर इथे घ्या, पण त्याला मजकूर पुन्हा लिहायला सांगू नका, फक्त संशयास्पद शब्दांची यादी मागा, निर्णय तुमचा. आणि ऐकूनही कळलं नाही तर अंदाज न लावता `[अस्पष्ट 00:41:12]` असं लिहून ठेवा आणि सारांशात ती खूण तशीच राहील असं सांगा. हे सगळं धरूनही रेकॉर्डिंगच्या लांबीपेक्षा खूप कमी वेळ लागतो.

चुका होतच नाहीत, यावर जास्त बोलत नाही. कॉर्नेलच्या ॲलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा अभ्यास आहे, व्हिस्परवरचाच. रेकॉर्डिंगच्या साधारण १ टक्का तुकड्यांमध्ये कुणी न बोललेली अख्खी वाक्यं सापडली, आणि त्यातली ३८ टक्के उघड अपायकारक प्रकारची होती. बोलण्यात लांब शांतता असली की हे जास्त होतं असंही त्यांना दिसलं. तो अभ्यास इंग्रजी बोलण्याचा होता आणि त्यानंतर मॉडेल्स सुधारली असतील, मान्य, पण तज्ज्ञ स्लाइड बदलताना थांबले तिथे काय टाइप झालंय ते जरूर बघा.

राहिलं रेकॉर्डिंग डिलीट करणं. दोन तासांचं भाषण ६४ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये ६० एमबीच्या आत बसतं, त्यासाठी फोन मोकळा करायची गरज नाही. आत्येभावाकडे ते होतं म्हणून ‘साठ’ पुन्हा ऐकता आलं आणि ग्रुपवर त्याच संध्याकाळी सुधारित सारांश गेला, जुना सगळ्यांसाठी डिलीट करून. ज्यांनी आधीच पुढे पाठवला होता त्यांना तो एकेक फोन करतोय. माल गाडीत चढेपर्यंत तरी ती फाइल ठेवा.