‘हक्क राखून’ ही ओळ आणि तुमची ‘पोपटपंची’

“करार रद्द करण्याच्या पत्रात ‘आमचे सर्व हक्क राखून’ लिहा, ही निव्वळ पोपटपंची. भरपाईचा हक्क कायदाच देतो, ओळ लिहा नाहीतर नका लिहू. शिवाय लेख लांबला, आणि कलमाचा आकडाही चुकलाय.”

करार रद्द करण्याच्या पत्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. आकडा चुकला होता, मान्य. कलम 75 हवं होतं, 57 पडलं, दुरुस्त केलं. लेख लांबला, तर अर्ध्यात सोडायचा होता. पण ‘पोपटपंची’? उद्यमबागेत पंपाचे सुटे भाग करून पोट भरतो साहेब, पोपट पाळत नाही.

ही ओळ नवा हक्क देत नाही, हे मीही लेखात लिहिलंय. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 75 योग्य कारणाने करार रद्द करणाऱ्याला भरपाई देतंच. ओळीचं काम वेगळं: तुमच्या वागण्यावरून ‘यांनी बाकीचं सोडून दिलं’ असं समोरच्याला म्हणता येऊ नये. आणि एका ठिकाणी तर कायदाच ती मागतो. कलम 55 वाचा. वेळ हा कराराचा गाभा असेल आणि उशिरा आलेला माल तुम्ही घेतलात, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. घेतानाच तशी सूचना दिली असेल तरच येते. घेतानाच! नंतर नव्हे.

हे मी पुस्तकातून नाही, खिशातून शिकलो. एका फाउंड्रीला 400 कास्टिंगची ऑर्डर दिली होती. तारीख 15 मार्च, ऑर्डरवर ‘वेळ हा कराराचा गाभा’ असं स्पष्ट लिहिलेलं. 250 नग आले 2 एप्रिलला. आमच्या स्टोअरकीपरने मोजले, चलनावर ‘माल मिळाला’ लिहून सही ठोकली. 20 एप्रिलला मी उरलेल्या 150 नगांचा करार रद्द केला, पत्रात हक्क राखल्याची ओळ ठसठशीत. ते 150 कोल्हापूरहून नगामागे 80 रुपये जास्त देऊन घेतले. तो फरक, 12,000 रुपये, वसूल झाला. पण 250 नगांच्या उशिरापायी माझ्या गिऱ्हाइकाने कापलेले 18,000? त्यांच्या वकिलाने ते चलन समोर ठेवलं, आमचा वकील गप्प. एप्रिलच्या पत्रातली ओळ 2 तारखेच्या चलनावर मागे जाऊन चिकटत नाही.

म्हणून ओळ मोघम नको. ‘उरलेल्या 150 नगांच्या दरफरकाचा हक्क राखून’ असं नेमकं लिहा, आणि ॲडव्हान्स परत घेतानाही ‘उरलेली मागणी सोडलेली नाही’ हे पावतीवर घाला. दोघांनी बसून हिशोब मिटवला असेल, तर मात्र ओळ घालू नका. ‘पूर्ण व अंतिम’ आणि ‘हक्क राखून’ एका कागदावर नांदत नाहीत. तसंच, करार रद्द केल्याचं पत्र धाडून पुढच्या आठवड्यात त्यांच्याच मालाची गाडी उतरवून घेतलीत, तर ओळ वाचवेलच असं नाही.

‘निव्वळ’ म्हणताना तुम्ही कलम 55 वाचलं होतं का, एवढंच सांगा. आमच्या स्टोअरमध्ये आता चलनावर ‘उशिराची भरपाई मागणार आहोत’ असा रबरी शिक्का बसतो.