शाळेतली जंताची गोळी आणि दम्याची भीती

"आपल्या आजोबा-पणजोबांच्या पोटात जंत असायचे, म्हणून त्यांना ना दमा होता, ना ॲलर्जी, ना संधिवात. हे आता विज्ञानानेही सिद्ध केलंय. अमेरिकेत तर डॉक्टर जंतांची अंडी पाजून आतड्याचे आजार बरे करतात. आणि आपल्या पोरांना शाळेत गोळ्या देऊन तेच संरक्षण काढून घेतात. गोळी घेऊ देऊ नका. थोडे जंत पोटात असलेले बरे. सर्वांना पाठवा."

माझं काम जळगाव जिल्ह्यातल्या एका प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासण्याचं आहे. १० फेब्रुवारीचा जंतनाशक दिन जवळ आला की हा मेसेज गावागावांच्या ग्रुपवर येतो, आणि त्यानंतर आई-वडील खरोखर विचारायला येतात. त्यांचं विचारणं रास्त आहे, कारण मेसेजमध्ये खऱ्या संशोधनाचे तुकडे आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी "सिद्ध" या शब्दाबद्दल. लंडनचे साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली एक छोटा लेख लिहिला. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती त्यांनी पाहिली. ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची सर्दी कमी, असं त्यांना आढळलं. मोठ्या भावंडांकडून लहानपणीच संसर्ग लागत असतील आणि त्यातून प्रतिकारशक्तीला वळण लागत असेल, असा त्यांचा अंदाज होता. स्वच्छतेच्या गृहीतकाची सुरुवात इथली. त्यात जंत कुठेच नव्हते. पुढे बव्हेरियात गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांमध्ये दमा कमी दिसला, पण तिथेही श्रेय गोठ्याच्या धुळीतल्या जिवाणूंकडे जातं. गुरांच्या दावणीजवळ खेळणाऱ्या पोराला जो काही फायदा होत असेल, त्यासाठी त्याच्या आतड्यात जंत असण्याची गरज नाही.

जंतांचा धागा नंतर जोडला गेला, आणि त्याचं कारण विचार करण्यासारखं आहे. जंत झाले की रक्तात इओसिनोफिल पेशी वाढतात आणि आयजीई नावाची प्रतिपिंडं वाढतात. ॲलर्जीतही नेमकं हेच वाढतं. मग जंतांच्या मुलखात ॲलर्जी जास्त दिसायला हवी होती, पण तशी दिसली नाही. गॅबनमधल्या शाळकरी मुलांवरचा २००० सालचा अभ्यास याबाबत फार बोलका आहे. ज्यांना शिस्टोसोमा कृमीचा संसर्ग होता, त्यांच्या कातडीवर घरातल्या धुळीच्या किड्याचा अर्क टोचला तर गांधी कमी उठायच्या. या मुलांच्या रक्तपेशी कृमीच्या प्रथिनांना इंटरल्युकिन-१० हे रसायन सोडून उत्तर देत होत्या, आणि ते प्रतिकारशक्तीचा जोर कमी करतं. वर्षानुवर्षं शरीरात तग धरायचा तर कृमीला यजमानाची प्रतिकारशक्ती थोडी दाबून ठेवावीच लागते, आणि त्या दाबण्यात ॲलर्जीही थोडी दबते. कल्पना चांगली आहे आणि अर्धी तरी खरी आहे.

पण शिस्टोसोमा आतड्यात राहत नाही. गॅबनमधली ती जात मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये राहते. आपल्या राज्यात तिची जुनी नोंद रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाची आहे; खानदेशातल्या पोरांच्या पोटातले जंत वेगळे. शिवाय गांध न उठणं म्हणजे दमा नसणं नव्हे. इथे सापडतात ते गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमी, आणि प्रत्येकाचं वागणं निराळं. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००६ साली हिशेब मांडला गेला. अंकुशकृमी असलेल्यांत दमा सुमारे निम्मा दिसला, तर गोलकृमी असलेल्यांत तो एक तृतीयांशाने जास्त. गोलकृमीची अळी आतड्यातून रक्तात, तिथून फुफ्फुसात जाते, श्वासनलिकेतून घशाशी येते आणि गिळली जाऊन परत आतड्यात पोहोचते. ती फुफ्फुसात असताना पोराला कोरडा खोकला येतो, छाती सूं-सूं वाजते. आजोबांच्या काळी मोजमाप करून दमा कोणी नोंदवलाच नव्हता, त्यामुळे त्यांना तो नव्हता असं म्हणायला आधार नाही. पोटात जंत असलेल्या ज्या पोराला रात्री धाप लागायची, त्याची धाप जंतांमुळेच असण्याची शक्यता मात्र होती.

आता अमेरिकेतल्या अंड्यांबद्दल, कारण लोक सर्वात जास्त याच वाक्यावर विश्वास ठेवतात. आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हे खरंच केलं. क्रोन नावाचा आजार असतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. अशा २९ रुग्णांना त्यांनी दर तीन आठवड्यांनी डुकराच्या चाबूककृमीची २५०० अंडी पाजली. हा कृमी माणसात नीट मुक्काम करत नाही, काही आठवड्यांत निघून जातो, म्हणूनच तो निवडला होता. २४ आठवड्यांनंतर २९ पैकी २१ जणांचा आजार शांत झालेला होता. हे २००५ साली छापून आलं आणि जगभर पसरलं.

त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. क्रोनचा आजार आपणहून चढतो आणि उतरतो. रुग्ण प्रयोगात येतो तो आजार चढलेला असताना, त्यामुळे पुढचे काही महिने तो उतरण्याचीच शक्यता जास्त. हे अंड्यांमुळे झालं की आपसूक, ते कळायचं तर निम्म्यांना नुसतं पाणी द्यावं लागतं आणि कोणाला काय दिलं ते रुग्ण आणि डॉक्टर दोघांपासूनही लपवावं लागतं. युरोपात हा प्रयोग असाच झाला, २५२ रुग्णांवर. एका गटाला २५०, दुसऱ्याला २५००, तिसऱ्याला ७५०० अंडी, दर दोन आठवड्यांनी. चौथ्या गटाला अंडी नसलेलं तसंच दिसणारं पाणी. बारा आठवड्यांनी २५०० अंडीवाल्यांपैकी सुमारे ३५ टक्के बरे होते, ७५०० वाल्यांपैकी ४७ टक्के, आणि नुसतं पाणी प्यायलेल्यांपैकी ४३ टक्के. आयोवात ज्या मात्रेने चमत्कार दिसला, ती मात्रा इथे पाण्याच्याही मागे पडली. प्रयोग मध्येच थांबवला गेला. डेन्मार्कमध्ये गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या सुमारे शंभर जणांना हीच अंडी दिली होती. नाकाची तक्रार तशीच राहिली, जुलाब मात्र वाढले.

विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम पुरावा अर्जेंटिनाचा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटते. त्याच्या ज्या १२ रुग्णांना आपोआप जंत झाले होते, त्यांचा आजार काही वर्षं फारच कमी उसळला, आणि त्यांपैकी चौघांना जंतनाशक द्यावं लागल्यावर पुन्हा उसळू लागला. मी हे गांभीर्याने घेतो. पण नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी ७१ रुग्णांवर हे पडताळून पाहिलं. निम्म्यांच्या कातडीवर मोजून २५ अंकुशकृमींच्या अळ्या सोडल्या. नऊ महिन्यांत प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी थोड्या वाढल्या, पण मेंदूत होणाऱ्या नव्या जखमांच्या संख्येत ठरवता येईल असा फरक पडला नाही. पेशी हलतात, आजार हलत नाही, असं या क्षेत्रात पुन:पुन्हा घडलंय. कृमीच्या स्रावांतून पुढेमागे औषध निघेलही. ते आज घराघरांत जंत पाळून मिळणार नाही.

गोळीने ॲलर्जी होते का, याची थेट परीक्षा इक्वाडोरमध्ये झाली. ६८ शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या. एका गटातल्या मुलांना वर्षभर दर दोन महिन्यांनी ४०० मिलिग्रॅम अल्बेन्डाझोल दिलं, म्हणजे आपल्या शाळेतलीच गोळी, पण कितीतरी जास्त वेळा. वर्षाअखेर दमा, नाक वाहणं, इसब आणि कातडीवरच्या गांधी, सगळं दोन्ही गटांत सारखं होतं. व्हिएतनाममधल्या अशाच प्रयोगात गोळी घेतलेल्यांत गांधी उठणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण दमा किंवा इसब वाढलं नाही. युगांडात मात्र गरोदरपणी अल्बेन्डाझोल घेतलेल्या आयांच्या तान्ह्या बाळांना इसब जास्त झालं. तो प्रश्न पोटातल्या गर्भाचा आहे. चौथीतल्या मुलाला त्याचा आधार देऊन गोळीपासून अडवणं चूक आहे.

राहिले ते "थोडे जंत". यावल-रावेर-चोपड्याकडच्या केळीच्या बागांत मे महिन्यातही खोडांखाली सावली आणि ठिबकची ओल असते. कोणी तिथे उघड्यावर शौचाला बसलं असेल तर अंकुशकृमीच्या अळीला हवं ते सगळं तिथे मिळतं, आणि ती अनवाणी पायाच्या बोटांमधून आत शिरते. अंकुशकृमीच्या दोन जाती आहेत, नेकेटर आणि अँकिलोस्टोमा. आतड्याला चिकटलेला एक नेकेटर दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, अँकिलोस्टोमा त्याच्या पाच-सहा पट. समजा, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या पोटात शंभर नेकेटर आहेत. रोज ३ मिलिलिटर रक्त गेलं, म्हणजे मिलिग्रॅमभर लोह. त्यातलं काही आतडं परत शोषतं, बाकीचं जातं. भाकरी-भाजीतून अंगी लागणारं लोहच मुळात दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम, आणि वर तिची पाळी सुरू झालेली. अँकिलोस्टोमा असेल तर एवढ्या नुकसानीला वीसच पुरतात. नंदुरबारकडे सातपुड्याच्या पाड्यांत सिकलसेल आधीच हिमोग्लोबिन खाली ओढत असतो, तिथे तर हे आणखी महागात पडतं. नॉटिंगहॅमच्या रुग्णांत २५ अळ्या मोजून सोडल्या होत्या आणि शेवटी औषध देऊन त्या काढल्या. बागेत कोणीही मोजत नाही.

आणि एक जंत असा आहे, ज्याच्या बाबतीत "थोडे" या शब्दाला अर्थच नाही. अंकुशकृमी शरीरात वाढत नाही. जेवढ्या अळ्या शिरल्या तेवढेच कृमी. स्ट्राँगिलॉइड्स मात्र आतड्यातच नवी पिढी घालतो, तीच पिढी पुन्हा शरीरात शिरते, आणि असं दशकानुदशकं गुपचूप चालू राहतं. अशा माणसाला दमा किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड सुरू झालं की अळ्या बेसुमार वाढून फुफ्फुसात आणि मेंदूपर्यंत पसरतात. सोबत आतड्यातले जिवाणू रक्तात जातात आणि माणूस दगावतो. म्हणजे स्वतःवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीवर इलाज म्हणून जो जंत सांभाळेल, त्यालाच याचा धोका सर्वात जास्त, कारण स्टेरॉइडची पाळी त्याच्यावरच येते.

तपासणीत इथे चूकही होऊ शकते. अंकुशकृमीचं ताजं अंडं पातळ पारदर्शक कवचाचं, आत चार ते आठ पेशी, असं सहज ओळखू येतं. पण डबी उन्हाळ्यात एक-दोन दिवस तशीच पडून राहिली तर त्या अंड्यातून अळी निघते, आणि स्लाइडवर वळवळणारी अळी पाहून ती स्ट्राँगिलॉइड्सची वाटते. भिंगाची ताकद वाढवून तिची तोंडाची पोकळी पाहावी लागते: अंकुशकृमीच्या अळीची लांब, स्ट्राँगिलॉइड्सची अगदी आखूड. म्हणून नमुना सकाळचा, दोन-तीन तासांच्या आत आणलेला हवा. अहवालात स्ट्राँगिलॉइड्स आला तर शाळेतल्या एका गोळीवर विसंबू नका. त्यावर आयव्हरमेक्टिन जास्त खात्रीचं. आणि इओसिनोफिल वाढलेले असतील, शेतात अनवाणी काम असेल आणि डॉक्टर बरेच दिवसांसाठी स्टेरॉइड लिहीत असतील, तर पहिली गोळी घेण्याआधीच ही तपासणी मागा.