टीव्हीबद्दल पाठीमागून बोलताना

कुणाबद्दलही पाठीमागून बोलू नये, असं लहानपणी शिकवलं जातं. टीव्ही हा अपवाद धरावा. टीव्हीबद्दल जे काही बोलायचं, ते पाठीमागूनच बोलायला हवं, कारण भिंतीला टांगताना त्याचा संबंध पाठीशीच येतो. विक्रीच्या पानावर मात्र टीव्ही कधी पाठ फिरवत नाही. पंधरा फोटोंपैकी तेरा समोरून असतात. त्यात हमखास एक धबधबा, एक पोपट आणि पडद्यातून अर्धं अंग बाहेर काढलेला वाघ. चौदाव्या फोटोत एक कुटुंब सोफ्यावर बसून हसत असतं. कशाला हसतंय ते कळत नाही, बहुधा भिंतीवर टांगायचं ब्रॅकेट अजून आलेलं नसावं. आणि पंधरावा, अंगठ्याच्या नखाएवढा, पाठीचा. मी पान उघडलं की आधी तिथे जातो.

मासल्याला ५५ इंची एक टीव्ही घेऊ. शीर्षकात ‘५५ इंच’ एवढं ठसठशीत लिहिलेलं असतं की माणूस कोनाड्याला टेप लावतो, कोनाडा १२० सेंटिमीटरचा निघतो, ५५ इंच म्हणजे १४० सेंटिमीटर, आणि तो निराश होऊन ४३ इंचांकडे वळतो. दुसरा माणूस ‘इंच म्हणजे कर्ण’ एवढं ऐकून असतो आणि १२० मध्ये बसेल म्हणून खुशाल ५५ मागवतो. दोघेही चुकले. पडद्याची रुंदी ही कर्णाच्या सुमारे ०.८७ पट असते, म्हणजे ५५ इंचांना जवळपास १२२ सेंटिमीटर. कडेची पट्टी धरून खोकं होतं १२३. पहिला माणूस विनाकारण ४३ वर उतरला, ५० इंची त्याला सहज बसला असता. दुसऱ्याचा टीव्ही तीन सेंटिमीटरांसाठी बाहेर लटकेल. आणि कोनाड्यात तो कोंबूनही बसवायचा नसतो. दोन्ही बाजूंना बोटं जातील एवढी जागा लागते, नाहीतर कडेच्या सॉकेटमध्ये वायर घालायला हातच शिरत नाही.

पानाच्या तळाशी मापांच्या दोन ओळी असतात, ‘स्टँडसह’ आणि ‘स्टँडशिवाय’. भिंतीवर लावणाऱ्यानं स्टँडसहची ओळ वाचायचीच नाही. त्या ओळीत खोली २४ सेंटिमीटर दिसते आणि माणूस घाबरतो. पाय काढले की तोच टीव्ही ८ सेंटिमीटरचा होतो.

रिझोल्यूशनवर, म्हणजे पडद्यावर किती ठिपके आहेत त्यावर, मी फार वेळ घालवत नाही. ‘नेटिव्ह’ शब्दाशेजारी ३८४० × २१६० लिहिलंय एवढं पाहायचं. ‘फोर-के सपोर्ट’ हा वेगळा प्राणी आहे: तो फोर-के चित्र स्वीकारतो आणि स्वतःच्या कमी ठिपक्यांत कोंबून दाखवतो. पाहुणा आत घेतला, पण झोपायला पाट दिला, असा प्रकार. आणि खरं सांगायचं तर ५५ इंचांवर साधं फुल एचडी चित्रसुद्धा सव्वादोन मीटरच्या पलीकडून पाहिलं की सर्वसाधारण नजरेला त्याचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. तरीही फोर-केच घ्या, कारण या आकारात दुसरं काही फारसं मिळतच नाही.

पॅनेलचं, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्याचं, मात्र भिंतीशी नातं आहे. ‘एलईडी टीव्ही’ म्हणजे मागून एलईडीचा उजेड टाकलेला एलसीडी. ‘क्यूएलईडी’ म्हणजे त्यावर रंगांसाठी आणखी एक थर. ओएलईडी वेगळा, त्याचा ठिपका स्वतःच उजळतो. नावातला एक अक्षराचा फरक हा छपाईचा दोष नाही. एलसीडीत व्हीए आणि आयपीएस अशा दोन जाती भेटतात. व्हीए पॅनेलचा काळा रंग खरोखर काळा दिसतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकटतं. आयपीएसचं उलट, बाजूनं चांगलं आणि अंधारात काळ्याचं करडं. यावर पानाचं उत्तर ठरलेलं: ‘१७८ अंशांचा दृश्यकोन’. हा आकडा सहसा असा मोजतात की कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि काळ्यातला फरक, १० ला १ इतका ढासळेपर्यंत ‘दिसतंय’ असं धरायचं. या हिशेबानं धुक्यातली गायसुद्धा दिसतेच. टीव्ही उंच टांगून खाली जमिनीवर बसून बघणार असाल, तर व्हीए पॅनेलला खाली झुकणारं ब्रॅकेट हवं.

आता पाठ. तिथे चार भोकं असतात आणि त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. त्याला ‘व्हेसा’ म्हणतात. आपल्या टीव्हीचं धरू ३०० × २००. आधीचा आकडा आडवा, नंतरचा उभा, आणि हा क्रम बदलता येत नाही. ब्रॅकेटच्या पानावर लिहिलेलं असतं ‘३२ ते ५५ इंचांसाठी’. हे वाक्य वाचून ब्रॅकेट घेणं म्हणजे वय सांगून चपला मागवणं. ब्रॅकेटला इंच कळत नाहीत. त्याला भोकांचं अंतर कळतं आणि वजन कळतं. एकसंध पत्र्याचं ब्रॅकेट असेल तर त्यावर १०० × १००, २०० × २०० आणि ४०० × ४०० अशी ठरावीक भोकं पाडलेली असू शकतात, आणि ३०० × २०० वाला टीव्ही त्यांच्या मधोमध लोंबकळतो. दोन सुट्या उभ्या पट्ट्यांचं ब्रॅकेट असेल तर पट्ट्या आडव्या सरकतात, त्यामुळे ३०० चा प्रश्न मिटतो. फक्त पट्टीवरच्या खाचा २०० च्या उभ्या अंतराला पोचतात का, ते बघायचं.

खरी गंमत स्क्रूची. ब्रॅकेटबरोबर स्क्रूची एक पिशवी येते. तिच्यात एम ४, एम ६, एम ८ असे तीन जाडीचे आणि प्रत्येकी दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात, वर वॉशर आणि प्लास्टिकच्या नळ्या. एवढ्या सामानात काहीतरी बसेलच, या श्रद्धेवर ही पिशवी भरलेली असते. जाडी सोपी आहे: या आकाराच्या टीव्हीला एम ६ किंवा एम ८, १०० × १०० च्या मॉनिटरला एम ४. आकडा म्हणजे मिलिमीटरमधला व्यास. लांबीत मात्र लोक फसतात.

मोजून बघू. समजा मॅन्युअल म्हणतं, एम ६ स्क्रू टीव्हीच्या आत कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त १४ मिलिमीटर जावा. टीव्हीची भोकं आत दबलेली आहेत, म्हणून पट्टी टेकायला १० मिलिमीटरची नळी, म्हणजे स्पेसर, मध्ये घालावा लागतो. पट्टीचा पत्रा २, वॉशर २. झाले १४ बाहेरचे. आतले १० ते १४ मिळवले की स्क्रू हवा २४ ते २८ मिलिमीटर. पिशवीत आहेत २०, २५ आणि ३०. वीसचा आत जाईल ६ मिलिमीटर, म्हणजे मोजके आटे, आणि त्या आट्यांवर बारा किलो. तिसाचा जाईल १६, म्हणजे मर्यादेच्या पुढे दोन मिलिमीटर, जिथे बोर्ड किंवा पॅनेलची पाठ असते. पंचवीसचा जाईल ११. हाच तो.

मोजायचा कंटाळा असेल तर स्क्रू स्वतः सांगतो. एम ६ च्या नेहमीच्या आट्यांना एका फेऱ्यात बरोबर एक मिलिमीटर आत जाणं ठरलेलं आहे, तेव्हा आटा धरल्यापासून फेरे मोजा: अकरा झाले की अकरा मिलिमीटर. पाच-सहा फेऱ्यांतच घट्ट होऊन पट्टीही पक्की बसली, तर स्क्रू आखूड. स्क्रू घट्ट झालाय पण पट्टी अजून खुळखुळतेय, तर स्क्रू लांब आहे आणि त्याचं टोक तळाला टेकलंय. या दुसऱ्या वेळी माणसाचा स्वभाव कळतो. समजूतदार माणूस थांबतो, स्क्रू काढतो. बाकीचे ‘अजून एक पिळा’ म्हणतात, आणि मग समोरच्या धबधब्यात एक कायमचा उजळ डाग उगवतो. स्क्रू हातानं, साध्या स्क्रू ड्रायव्हरनंच लावायचा. ड्रिल मशीनला फेरे मोजता येत नाहीत.

भिंतीत भोकं पाडण्याआधी एक हिशेब राहतोच. टीव्हीची चार भोकं पडद्याच्या मध्यावर असतात असं सगळे गृहीत धरतात, टीव्ही मात्र धरत नाही. आपल्या टीव्हीची उंची ७१ सेंटिमीटर, म्हणजे मध्य ३५.५ वर. पण आकृतीत बघितलं तर खालची भोकं तळापासून १८ वर, वरची ३८ वर, त्यांचा मध्य २८. साडेसात सेंटिमीटरांचा फरक. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०५ वर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवा असेल, तर तळ येतो ६९.५ वर आणि ब्रॅकेटचा मध्य ९७.५ वर. ब्रॅकेट १०५ वर ठोकलं की टीव्ही ११२.५ वर जातो, आणि घरातले सगळे न्हाव्याकडे बसल्यासारखे माना वर करून बातम्या बघतात.

पोर्टबद्दल पान अभिमानानं सांगतं, ‘३ एचडीएमआय’. कुठल्या दिशेला, ते सांगत नाही. भिंतीला चिकटून बसणारं ब्रॅकेट मागे अडीच-तीन सेंटिमीटर ठेवतं. सरळ मागे तोंड असलेल्या पोर्टमध्ये केबल घातली की प्लग आणि वळण मिळून पाच-सहा सेंटिमीटर लागतात. मग एकतर टीव्ही भिंतीला टेकत नाही किंवा टेकतो आणि केबलची मान मुरगळते. चित्र मधूनच काळं होऊन परत येऊ लागलं की मान मुरगळली असं समजावं. काटकोनी अडॅप्टर मिळतो, पण त्याच्या दोन जाती आहेत, एक वर वळणारी आणि एक खाली, आणि घरी हटकून ब्रॅकेटच्या पट्टीवर आदळणारी येते. त्यामुळे नखाएवढ्या फोटोत पोर्ट कडेला उघडताहेत का, ते डोळे बारीक करून बघावं. साउंडबार लावायचा असेल तर टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा, ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ असं लिहिलेला पोर्ट बहुधा एकच असतो, आणि वायर त्याच्यातच जावी लागते. टांगण्याआधी सगळ्या केबल घाला, टीव्ही चालू करून प्रत्येक पोर्टवर चित्र येतं का बघा, मग दोघांनी मिळून उचला.

आणि उचलण्याआधी मोबाइल काढून पाठीचा एक फोटो घ्या. वॉरंटीच्या नोंदणीत सिरीयल नंबर मागतात, आणि तो कुठे चिकटवलेला असतो ते आता सांगायला नको.